साहेब ‘पाहू’ म्हणतात आणि सीझन येऊन ठेपतो: जिनिंगमधल्या अडलेल्या निर्णयाचं काय करायचं

खान्देशात गणेश चतुर्थीला मुहूर्ताचा कापूस काट्यावर चढतो, पण जिनिंगचा खरा धडाका दसरा-दिवाळीला सुरू होतो. त्याआधीचे काही महिने कारखाना बंद असतो. मशीन उघडलेल्या असतात, फिटर ग्रीसच्या हातांनी बसलेले असतात, आणि वर्षभराचे सगळे मोठे निर्णय याच काळात घ्यायचे असतात: रोलर बदलायचे का, प्रेसचं सील किट मागवायचं का, कन्व्हेयरचा बेल्ट अजून एक सीझन काढेल का. आवारात एक ट्रॅक्टरही उभा नसतो. त्यामुळे मॅनेजरसाहेबांना ‘पाहू’ म्हणायला जीव जड होत नाही. मग ऑक्टोबरात कापसाच्या गाड्यांची रांग लागते, मशीन तयार नसते आणि शेठ विचारतात, ‘मेंटेनन्सवाले इतके दिवस काय करत होते?’

हा लेख त्या मेंटेनन्सवाल्यांसाठी आहे. धरणगाव-चोपड्याकडच्या जिनिंगमध्ये घडू शकेल असं एकच प्रकरण घेतो, रोलर बदलण्याचं, आणि ते पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवतो. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. तुमच्या कारखान्याचे घाला, रीत तीच राहील.

एक गोष्ट आधी ध्यानात घ्या. साहेबांनी होकार दिला आणि तो चुकला, तर त्या कागदावर त्यांची सही असते. त्यांनी काहीच ठरवलं नाही, तर उशिरावर कोणाचीच सही नसते आणि तो आपोआप खाली घरंगळत तुमच्यापर्यंत येतो. म्हणजे ‘पाहू’ म्हणणं त्यांच्या जागेवरून पाहिलं तर शहाणपणाचंच आहे. त्यांचा स्वभाव बदलायला जाऊ नका. न ठरवण्याची किंमत तारखेसकट कागदावर दिसेल, एवढी व्यवस्था तुमच्या हातात आहे.

साहेब कुठे अडतात ते आधी ओळखा

सगळे टाळणारे साहेब एका कारणाने टाळत नाहीत, आणि कारण चुकीचं धरलं तर उपाय वाया जातो. ओळखण्याची सोपी रीत अशी: एकाच आठवड्यात त्यांच्यासमोर दोन गोष्टी ठेवा, एक दोन हजारांची आणि एक दोन लाखांची. लहान गोष्टीवर लगेच सही झाली आणि मोठी अडली, तर त्यांना तेवढा अधिकारच नाही. तो शेठकडे किंवा शेठच्या मोठ्या मुलाकडे आहे, फक्त हे तुमच्यासमोर कबूल करणं त्यांना जड जातं. दोन्ही अडल्या, तर भीती आहे. कधीतरी एखाद्या खरेदीवरून सगळ्यांसमोर बोलणी खाल्लेली असतात, तेव्हापासून माणूस दोन हजारांनाही घाबरतो. आणि सकाळी ‘हो’ म्हणून संध्याकाळी एका फोननंतर ‘थांबा’ म्हणत असतील, तर निर्णय घेणारा तिसराच कोणीतरी आहे. तो कोण, हे शोधा.

चौथं कारण बाहेरून टाळाटाळीसारखंच दिसतं, पण वेगळं असतं. सीझनच्या तोंडावर जिनिंगवाला रोख रक्कम कापूस खरेदीसाठी राखून ठेवतो. अशा वेळी ‘अजून एक कोटेशन आणा’ याचा अर्थ ‘आत्ता पैसे सोडायचे नाहीत’ एवढाच असतो. हे तपासायचं असेल तर रक्कम तीच ठेवून फेडण्याची रीत बदला: ‘साहेब, अर्धे आत्ता आणि अर्धे माल उतरल्यावर चालतील का, पार्टीला विचारू?’ इथे गाडी हलली, तर अडचण पैशांच्या वेळेची होती. मग चौथ्या कोटेशनच्या मागे पळू नका, हप्त्यांची बोलणी करा.

शेवटची तारीख उलटी मोजा

आता प्रकरण. २४ डबल रोलर मशीन, म्हणजे ४८ रोलर. गेल्या सीझनला शेवटी शेवटी दहा मशीन मंद पडल्या होत्या. रोलरवरचं चामडं झिजलं की कापसाचा तंतू नीट ओढला जात नाही, मशीन फिरत राहते पण रुई कमी पडते. जूनमध्ये सुपरवायझरने साहेबांना सांगितलं, ‘रोलर बदलावे लागतील.’ साहेब म्हणाले, ‘पाहू.’ जुलैत पुन्हा सांगितलं, पुन्हा ‘पाहू’.

या दोन्ही वेळा चूक एकच झाली: वाक्यात तारीख नव्हती. ‘लवकर करायला हवं’ याला ‘पाहू’ हेच उत्तर मिळणार. तारीख मात्र अंदाजाने टाकायची नाही, शेवटापासून मागे मोजत यायची.

समजा शेठना १० ऑक्टोबरला मशीन कापसावर हव्यात. त्याआधी आठ दिवस चाचणी लागते, म्हणजे रोलर १ ऑक्टोबरपर्यंत बसलेले हवेत. दोन फिटर दिवसाला चार रोलर बसवतात, म्हणजे ४८ ला बारा कामाचे दिवस. दोन आठवडी सुट्ट्या धरल्या तर १८ सप्टेंबरला सुरुवात. म्हणजे माल १७ सप्टेंबरला आवारात हवा. पुरवठादार म्हणतो, आगाऊ रक्कम मिळाल्यापासून २५ दिवस. त्यामुळे आगाऊ २३ ऑगस्टला जायला हवी. ऑर्डर टाइप होणं, सही, बँक यांना तीन दिवस. उत्तर आलं: २० ऑगस्ट.

या हिशेबात राखीव दिवस एकही नाही. गणपतीत फिटर गावी गेला किंवा ट्रान्सपोर्टवाल्याने माल दोन दिवस अडकवला, तर चाचणीचे दिवस खाल्ले जातील. म्हणून साहेबांकडे १२ ऑगस्ट मागा आणि खरी शेवटची तारीख २० आहे हेही सांगा. नुसती १२ सांगितली आणि १३ ला काही बिघडलं नाही, तर पुढच्या वर्षी तुमची तारीख कोणी मोजणार नाही.

विचारणं एका पानात, आणि किंमत गाठींमध्ये

‘साहेब, काय करायचं?’ हा प्रश्न टाळणाऱ्या माणसाला विचारू नये. त्याला सगळा विचार पहिल्यापासून करावा लागतो, आणि तोच तर त्याला नको असतो. दोन-तीन वाटा मांडा, तुमची पसंती सांगा, त्याने फक्त एका वाटेवर खूण करायची.

आपल्या प्रकरणात वाटा तीन. पहिली, सगळे ४८ रोलर नवे. दुसरी, मंद पडलेल्या दहा मशीनचे २० रोलर नवे आणि बाकीच्यांना पुन्हा ग्रूव्ह, म्हणजे चामड्यावर खाचा, पाडून घ्यायचे. तिसरी, नवीन काहीच नाही, सगळ्यांना ग्रूव्ह पाडून सीझन काढायचा. सुपरवायझरची पसंती दुसरी. भित्र्या साहेबाला मधली वाट सोयीची वाटते हे खरंच, पण ती फक्त त्यासाठी मध्ये ठेवू नका. कामाच्या दृष्टीने ती खरोखर बरी असेल तरच तिची शिफारस करा, कारण उद्या तिचा जाब तुम्हालाच विचारला जाणार आहे.

मग न ठरवण्याची किंमत. ‘नुकसान होईल’ असं लिहू नका. जिनिंगमध्ये शेठला गाठी कळतात, गाठींमध्ये लिहा. समजा चांगली मशीन तासाला ५० किलो रुई देते आणि झिजलेली पाचव्या हिश्श्याने कमी, म्हणजे ४० किलो. दहा मशीनचे तासाला १०० किलो गेले. दिवसाला २० तास चालवलं तर २,००० किलो. गाठ १७० किलोची, म्हणजे दिवसाला जवळपास बारा गाठी कमी. हे वाक्य वाचल्यावर ‘रोलर महाग आहेत’ हे म्हणणं आपोआप सौम्य होतं. मात्र ४० किलो हा आकडा गेल्या सीझनच्या रोजच्या नोंदीतून काढा, मनाने टाकू नका. साहेब तोच आकडा शेठना सांगणार आहेत, आणि तिथे तो टिकला नाही तर ते पुन्हा कधी तुमचा कागद हातात धरणार नाहीत.

कागद टेबलावर ठेवून आलात की त्याच दिवशी फोनवर मेसेज टाका. तोंडी बोलणं विरून जातं. मेसेज असा:

‘साहेब नमस्कार. रोलरचा कागद आज तुमच्या टेबलावर ठेवला आहे. माझी शिफारस वाट २ (२० नवे, बाकी ग्रूव्हिंग). १२ ऑगस्टपर्यंत सांगितलंत तर सोयीचं होईल, २० ऑगस्टनंतर सगळे ४८ नवे घ्यायचे म्हटलं तर ते चाचणीसकट १० ऑक्टोबरच्या आधी होणार नाहीत. २० पर्यंत काही सूचना आली नाही, तर २१ पासून आपल्याच फिटरकडून सर्व रोलरचं ग्रूव्हिंग सुरू करतो, म्हणजे किमान मशीन चालू होतील. वेगळं काही करायचं असेल तर कळवा.’

या मेसेजमधलं शेवटून दुसरं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. साहेब गप्प राहिले तरी काय होणार, ते त्यात आधीच सांगितलेलं आहे. पण नीट पाहा, काय होणार म्हटलंय: जे तुमच्या अधिकारात आहे, जे घरच्या माणसांकडून होतं आणि ज्याला ऑर्डर लागत नाही, तेवढंच. ‘तुम्ही बोलला नाहीत तर मी ऑर्डर देतो’ असं कधीही लिहू नका. पैशांच्या बाबतीत गप्प राहणं म्हणजे होकार, असं कोणताही शेठ मानणार नाही, आणि नोकरी त्याच वाक्यावर जाईल.

ही रीत जिवाच्या कामालाही लावू नका. रुईच्या ढिगाऱ्यात ठिणगी पडली तर काय होतं, हे जिनिंगमध्ये काम केलेल्या कोणालाही सांगावं लागत नाही. उघडी वायर, पट्ट्यावरचं गायब झालेलं गार्ड, पाणी न येणारा हायड्रंट, यांत शेवटची तारीख नसते. ती मशीन चालू करणार नाही असं लिहून कळवायचं आणि बंद ठेवायची.

वाट पाहताना हात बांधून बसू नका

कागद वर गेल्यावर फिटर विचारणारच. अहिराणीत थेट येईल, ‘साहेबनं काय म्हणणं शे?’ इथे साहेबांची थट्टा करण्याचा मोह होतो, आणि चहाच्या टपरीवर ती छान रंगते. पण जिनिंगच्या आवारात काहीही गुप्त राहत नाही. संध्याकाळपर्यंत ती साहेबांच्या कानावर जाते आणि तुमचा कागद आणखी खाली दाबला जातो. ‘१२ तारखेपर्यंत उत्तर येईल, तोवर हे करायचं,’ एवढं सांगा.

‘हे’ म्हणजे काय? तिन्ही वाटांना लागणारं काम. रोलर नवे येवोत की जुने राहोत, मशीन उघडावी लागणारच. प्रत्येक रोलरचा व्यास मोजून खडूने त्यावर नंबर टाकणं, बेअरिंग बदलणं, चाकू तपासून घेणं, नट-बोल्ट काढून साफ करून ठेवणं, हे सगळं ऑगस्टमध्येच उरकतं. वर हिशेबात बसवण्यासाठी बारा दिवस धरले होते. मशीन आधीच मोकळ्या करून ठेवल्या तर त्यातले दोन-तीन दिवस वाचतात, आणि तीच तुमची राखीव शिल्लक. मोजलेल्या व्यासांची यादी कागदाला जोडली की ‘खरंच इतके झिजलेत का?’ हा प्रश्नही संपतो.

याच काळात एक छोटं बोलणं उरकून घ्या. भीतीने अडणाऱ्या साहेबांकडे तर नक्कीच: ‘साहेब, पाच हजारांपर्यंतचं किरकोळ सामान मी आणत जातो, शनिवारी यादी आणि बिलं तुमच्याकडे देतो. तुम्हाला रोज त्रास नको.’ बहुतेक साहेब याला हो म्हणतात, कारण त्यांच्या डोक्यावरचे रोजचे दहा प्रश्न कमी होतात. मग शनिवारची यादी एकदाही चुकवू नका. एक शनिवार चुकला की दुसऱ्या दिवशी बेअरिंगसाठी पुन्हा सही लागते.

वहीत दिवसांचे दोन रकाने

मेंटेनन्सची वही सगळीकडे असते. तिच्यात काम, सुरू केल्याची तारीख, संपल्याची तारीख लिहितात, आणि इथेच घात होतो. काम १५ जूनला ‘सुरू’, १ ऑक्टोबरला ‘पूर्ण’. वाचणाऱ्याला साडेतीन महिने फिटरच काम करत होते असं दिसतं.

म्हणून दोन रकाने वाढवा: ‘आमच्याकडे किती दिवस’ आणि ‘उत्तराच्या प्रतीक्षेत किती दिवस’. रोलरच्या ओळीत मग असं दिसेल: मोजणी आणि कागद, आमच्याकडे ६ दिवस. साहेबांकडे, ४ ऑगस्टपासून. उत्तर आलं की तिथे तारीख घालायची. कोणाचंही नाव, कोणतंही विशेषण नको. ‘साहेबांच्या दिरंगाईमुळे’ असं एकदा लिहिलंत की वही पुरावा राहत नाही, भांडण होते.

दर सोमवारी या वहीतल्या अडलेल्या ओळींचा फोटो साहेबांना पाठवा. सोबत एकच ओळ: ‘साहेब, या आठवड्यात तुमच्या उत्तरासाठी थांबलेली कामं.’ पहिल्या दोन सोमवारी काही होत नाही. तिसऱ्या-चौथ्या सोमवारी साहेब विचारतात, ‘हे शेठनाही पाठवता का?’ खरं उत्तर द्या: ‘नाही साहेब, तुम्हालाच.’ त्यांनी हा प्रश्न विचारला याचाच अर्थ, उशिरावर आपली तारीख लिहिली जातेय हे त्यांना दिसायला लागलं.

शेठपर्यंत जायचं कसं

आधी साहेबांच्याच हातून. अधिकार नसलेल्या साहेबांसाठी हीच खरी वाट. शेठ रविवारी कारखान्यावर येणार असतील तर शनिवारी म्हणा, ‘साहेब, उद्या शेठ येताहेत. हा कागद तुम्हीच दाखवा, गाठींचा हिशेब वर काढून ठेवलाय. काही विचारलं तर मी बाहेरच आहे.’ कागदावर तुमचं नाव असण्याचा हट्ट धरू नका. साहेबांनी तो स्वतःचा म्हणून मांडला तरी रोलर तुमच्याच मशीनमध्ये बसणार आहेत.

साहेबांना डावलून थेट जाणं एकदाच करता येतं, म्हणून ते राखून ठेवा. १२ ऑगस्ट गेली, १८ आली, तरी उत्तर नाही. अशा वेळी आधी साहेबांना सांगा: ‘साहेब, परवा २० आहे. उद्या सकाळी शेठना फोन करून फक्त तारीख कानावर घालू का, की तुम्ही घालता?’ दहातल्या बऱ्याच वेळा ‘मी बोलतो’ असं येतं आणि ते खरंच बोलतात. नाही बोलले तर शेठना एवढंच सांगा: ‘शेठ, रोलरचा कागद साहेबांकडे आहे. २० नंतर सगळे रोलर नवे घ्यायचे तर ते चाचणीसकट १० ऑक्टोबरच्या आधी होणार नाहीत, म्हणून कानावर घातलं. साहेबांना सांगूनच फोन करतोय.’ तक्रार नाही, तारीख आहे. शेठ आणि मॅनेजर नात्यातले असतील, मॅनेजर शेठचा मेहुणा वगैरे, तर हे शेवटचं वाक्य विसरू नका. संध्याकाळी जेवणाच्या ताटावर दोघे तुमच्याच फोनबद्दल बोलणार आहेत.

उशीर झालाच, आणि बैठकीत बोट तुमच्याकडे आलं

समजा होकार २९ ऑगस्टला आला, नऊ दिवस उशिरा. वाट दुसरी, २० रोलर. आगाऊ तीन दिवसांनी, १ सप्टेंबरला गेली, माल २६ ला उतरला. २० रोलर बसवायला पाच कामाचे दिवस, मध्ये एक सुट्टी, म्हणजे २ ऑक्टोबर. आधीच मोकळ्या केलेल्या मशीनमुळे त्यातला एक दिवस वाचला आणि मशीन १ तारखेला तयार झाल्या. थोडक्यात, सगळे ४८ मागवले असते तर मेलो होतो. २० असल्यामुळे निभावलं. नऊ दिवस उशीर होऊनही काय साधता येतं, ते वाटेच्या निवडीवर ठरतं. ऑगस्टच्या शेवटी होकार आला की जुनी शिफारस तशीच पुढे रेटू नका, त्या दिवसापासून पुन्हा उलटं मोजा आणि न बसणारी वाट कागदावरून खोडा.

तरीही चाचणीत एखादी मशीन अडते, १० ऐवजी १३ ऑक्टोबर होते, आणि शेठसमोर साहेब म्हणतात, ‘मेंटेनन्सने वेळेत केलं नाही.’ इथे ‘मी तर जूनपासून सांगत होतो’ हे तोंडावर आलेलं वाक्य गिळा. ते खरं असलं तरी त्यातून साहेबांवर आरोप होतो, आणि शेठना दोघांतलं भांडण मिटवण्यात रस नसतो. वही उघडा आणि तारखा क्रमाने वाचा: ‘शेठ, कागद ४ ऑगस्टला दिला. होकार २९ ला. आगाऊ १ सप्टेंबर. माल २६ ला. आमच्याकडे माल आल्यापासून १ तारखेपर्यंतचे दिवस गेले. आत्ता एक मशीन अडली आहे, बुशचं काम आहे, परवा सकाळी चालू देतो.’ आणि थांबा. नऊ दिवसांची बेरीज शेठ स्वतः करतात, आणि स्वतः केलेली बेरीज ते विसरत नाहीत. तुमच्याकडून खरंच काही राहिलं असेल, जसं बुश आधीच बघायला हवं होतं, तर तेही त्याच क्रमात वाचा. वहीवर विश्वास त्यानेच बसतो.

या सगळ्याला एक मर्यादा आहे. साहेब लेखी विचारलेल्याला मुद्दाम तोंडीच उत्तर देत असतील आणि नंतर ‘मी असं म्हणालोच नव्हतो’ म्हणत असतील, तर हे टाळणं नसून डाव आहे. तिथे प्रत्येक तोंडी उत्तरानंतर ‘साहेब, आत्ता ठरल्याप्रमाणे २० रोलर मागवतोय’ असा मेसेज टाकल्याशिवाय पाऊल उचलू नका. दोन सीझन असेच गेले आणि शेठना तारखा दिसूनही काही बदललं नाही, तर मशीन जाणणाऱ्या माणसाला जळगाव-धुळ्याच्या पट्ट्यात दुसरी जिनिंग सापडते. मात्र तो शोध मार्च-एप्रिलमध्ये घ्या, तेव्हा मालक पुढच्या सीझनची माणसं ठरवत असतात. ऑक्टोबरात सोडून गेलात तर उशिराचं खापर कायमचं तुमच्या नावावर राहील.

राहणार असाल, तर पुढच्या वर्षाचं काम शेवटच्या गाडीबरोबरच सुरू होतं. मार्चमध्ये मशीन थांबल्या की आठवड्याच्या आत सगळ्या रोलरचा व्यास मोजा, कोणती मशीन किती मंद झाली ते रोजच्या नोंदीतून काढा, आणि शेठ हिशेबाला बसतील तेव्हा पुढच्या ऑगस्टची तारीख साहेबांच्या तोंडून त्यांच्यासमोर ठरवून घ्या. हिशेबाच्या त्या आठवड्यात कापसाचे पैसे परत आलेले असतात आणि बारा गाठी रोज कमी पडल्याचं सगळ्यांना आठवत असतं. तोच कागद जूनमध्ये नेलात तर पुन्हा ‘पाहू’ ऐकाल.